नाकातली नळी की तोंडावरचा मास्क?

न्यूमोनियाच्या रुग्णाला साधा ऑक्सिजन पुरेनासा झाला, की डॉक्टरांपुढे दोन पर्याय असतात. हाय-फ्लो यंत्र नाकातून मिनिटाला 60 लिटरपर्यंत उबदार, दमट ऑक्सिजनयुक्त हवा देते. रुग्णाला बोलता येते. बायपॅप घट्ट मास्कमधून दाब देऊन श्वासाचे कष्ट हलके करते.

सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साचून रक्ताचा पीएच 7.35च्या खाली गेला, तर बायपॅप आधी. नुसता ऑक्सिजनच कमी असेल, तर बहुधा हाय-फ्लो.

हाय-फ्लो अपुरे पडतेय का, हे रॉक्स निर्देशांक सांगतो. समजा, दोन तासांनी रक्तातली ऑक्सिजन पातळी 92 टक्के, यंत्रातून 60 टक्के ऑक्सिजन आणि मिनिटाला 34 श्वास आहेत. 92 ला 0.6 ने, मग 34 ने भागले की येतात 4.5. आकडा 4.88 किंवा जास्त असता, तर धोका कमी मानला असता.

सहाव्या तासाला पातळी 90, ऑक्सिजन 80 टक्के, श्वास 36. निर्देशांक 3.1, म्हणजे त्या वेळच्या 3.47 या धोकारेषेखाली. पातळी फक्त दोन अंकांनी घसरली, पण रुग्ण थकत चाललाय.

सोबत मानेचे स्नायू ताणले जात असतील किंवा गुंगी येत असेल, तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय लांबवू नये.