दुबईचं सोनं आणि विमानतळावरची लाल मार्गिका

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली लग्नं आखातातल्या पगारावर उभी राहतात, आणि परतणाऱ्या बॅगेत सोनं असतंच. हे सोनं आणण्यात गुन्हा काहीच नाही. गुन्हा होतो तो ते न सांगता बाहेर पडल्यावर. त्यामुळे ‘किती तोळे चालतात?’ या प्रश्नाआधी ‘तुम्ही किती काळ परदेशात होतात?’ हे विचारलं पाहिजे.

एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीय स्त्रीला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. 2016 च्या नियमांत याला किमतीचीही मर्यादा होती. पुरुषासाठी 50 हजार रुपये, स्त्रीसाठी 1 लाख. सोनं लाखाच्या घरात गेल्यावर पुरुषाला 5 ग्रॅमचीसुद्धा सवलत उरत नव्हती, म्हणजे कागदावरचे 20 ग्रॅम कागदावरच राहत. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या बॅगेज नियमांनी ही किमतीची अट काढली आणि फक्त वजन ठेवलं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

मात्र ही माफी दागिन्यांपुरतीच आहे. बिस्कीट, वळं, नाणं कितीही लहान असलं तरी त्यावर शुल्क लागतं. आठवडाभर दुबई फिरून आलेल्या पर्यटकाला ही 20-40 ग्रॅमची माफी नाही.

दुसरी सवलत शुल्काच्या दराची. सहा महिने किंवा अधिक काळ परदेशात राहिलेला भारतीय पासपोर्टधारक किंवा भारतीय वंशाचा प्रवासी एक किलोपर्यंत सोनं कमी दराने आणू शकतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात हा दर 15 वरून 6 टक्क्यांवर आणला गेला. सवलत नसेल तर बॅगेजचा सर्वसाधारण दर लागतो, 35 टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून 38.5 टक्के. खडे किंवा मोती जडवलेले दागिने कमी दराच्या सवलतीत बसत नाहीत. ही गोष्ट दुकानात हार निवडतानाच लक्षात ठेवावी.

समजा, दोन वर्षं दुबईत राहिलेलं जोडपं मुंबईत उतरलं. तिच्याकडे 70 ग्रॅम साधे दागिने आहेत, त्याच्याकडे 100 ग्रॅमचं बिस्कीट. सीमाशुल्क विभाग सोन्याचं शुल्कमूल्य साधारण दर पंधरवड्याला जाहीर करतो. दुकानातली पावती काहीही म्हणो, हिशेब त्यावर होतो. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ते 10 ग्रॅमला 1 लाख रुपये धरू. तिचे 40 ग्रॅम माफ, उरलेल्या 30 ग्रॅमचे 3 लाख, त्यावर 2024 च्या 6 टक्के दराने 18 हजार. त्याच्या बिस्किटाचे 10 लाख, त्यावर त्याच दराने 60 हजार. त्याचे 20 ग्रॅम दागिन्यांसाठी होते, ते बिस्किटाला लावता येत नाहीत आणि बायकोच्या नावावरही टाकता येत नाहीत. तेच बिस्कीट तीन महिन्यांनी परतणाऱ्याकडे असतं, तर 3 लाख 85 हजार भरावे लागले असते.

सहा महिन्यांच्या मोजणीत बरेच जण अडकतात. गणपतीला किंवा कुणाच्या लग्नाला मध्येच गावी येऊन गेलात, तर त्या सगळ्या भेटींचे दिवस मिळून 30 च्या आत हवेत, आणि त्या भेटीत ही सवलत घेतलेली नसावी. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून अधिकारी हे मोजतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी आपणच मोजावं. सवलतीच्या दराचं शुल्क परकीय चलनात भरायचं असतं, म्हणून दिरहम किंवा डॉलर संपवून विमानात बसू नये.

शुल्क लागणारं सोनं असेल, तर उतरल्यावर लाल मार्गिकेतूनच जायचं. ‘अतिथी’ अ‍ॅपवर आधीच घोषणा भरता येते. हिरव्या मार्गिकेत पाऊल टाकलं, म्हणजे ‘माझ्याकडे शुल्क लागणारं काही नाही’ असं सांगितल्यासारखं होतं. तिथे सोनं सापडलं तर ते जप्त होऊ शकतं. सोडवून घ्यायची परवानगी मिळाली, तरी शुल्काशिवाय दंड पडतो, आणि रक्कम मोठी असेल तर अटकही होते. कुणी ओळखीच्याने ‘घरी एवढं पाकीट दे’ म्हणून सोनं सोपवलं, तर उत्तर देण्याची पाळी तुमच्यावर येते. त्याला सरळ नाही म्हणा.

घरचे जुने दागिने घालून परदेशी निघालेल्या बाईने तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. त्यात दागिन्यांचं वर्णन आणि वजन नोंदलेलं असतं, त्यामुळे परतताना ते नवे मानून शुल्क लागत नाही. सोबत दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडून करून घेतलेलं मूल्यांकन ठेवा, त्या दिवशी विमानतळावर थोडं लवकर पोहोचा, आणि शुल्काचा त्या वेळचा दर निघण्याआधी सीमाशुल्क विभागाकडे पाहून घ्या.