जोड्या लावा, पण उत्तर एकच हवं

पाली शिकायला बसलेल्या मराठी माणसाचे पहिले धडे मजेत जातात. लिपी ओळखीची देवनागरी, नगर म्हणजे नगर, फल म्हणजे फळ, हत्थ म्हणजे हात. पुढे पीठ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ निघतो बसायचं आसन. गोण म्हणजे पोतं नव्हे, बैल. खीर म्हणजे नुसतं दूध. दर रविवारी विहारात जमणाऱ्या दहाबारा जणांच्या अभ्यासगटाला शब्दांची चाचणी काढायची असेल, तर ती अशा शब्दांवर काढावी. नगरचा अर्थ विचारून कोण किती शिकलं ते कळत नाही.

अशी चाचणी करायला शाळेतलेच दोन प्रकार पुरतात : जोड्या लावा आणि रिकाम्या जागा भरा. जोड्यांमध्ये शब्द ओळखता येतो का ते दिसतं, रिकाम्या जागेत तो स्वतःहून आठवतो का ते दिसतं. दोन्ही प्रश्न तासाभरात लिहून होतात. कस लागतो तो उत्तरसूची लिहिताना, कारण प्रत्येक प्रश्नाला खरोखर एकच उत्तर आहे का, हे तिथे उघड होतं.

आधी शब्दसूची तपासा

पालीसाठी मराठी अर्थ शोधायला आपल्याकडे चांगली सोय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचं व्याकरण आणि कोश यांवर केलेलं काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६व्या खंडात छापलं आहे. त्यातल्या एका कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांत दिलेले आहेत. गटाने धड्यांतून स्वतः केलेली वहीतली सूची असली तरी चालते.

मात्र शिकण्यासाठी केलेली सूची जशीच्या तशी चाचणीत वापरता येत नाही. वहीत पुत्तपुढे ‘मुलगा’ असतं आणि दारकपुढेही ‘मुलगा’. ओदन म्हणजे भात आणि भत्त म्हणजेही भात. वाचताना यात काही अडत नाही, पण जोड्यांत हे दोन्ही शब्द आले की एका अर्थावर दोन दावेदार उभे राहतात. म्हणून आधी पाली शब्दांचा रकाना कागदाने झाकायचा आणि नुसते मराठी अर्थ वाचत जायचे. एखाद्या अर्थाला दोन पाली शब्द आठवले की तिथे खूण करायची. मग अर्थ नेमका करता येतो, जसं पुत्तसाठी ‘कुणाचा तरी मुलगा’ आणि दारकसाठी ‘लहान मुलगा’. तसं करणं ओढूनताणून वाटत असेल, तर दोघांपैकी एकच शब्द ठेवावा.

जोड्या : आठ शब्द, अकरा अर्थ

आता आठ शब्द घेऊ. सगळी नामं घ्यायची. त्यांत पिवति (पितो) किंवा खणति (खणतो) अशी क्रियापदं मिसळली, तर शेवटच्या ‘ति’वरून आणि मराठीतल्या ‘तो’वरून जोडी आपोआप जमते, अर्थ माहीत असण्याची गरजच उरत नाही.

‘अ’ गट : १. अस्स, २. कस्सक, ३. खीर, ४. गोण, ५. पीठ, ६. मञ्च, ७. रुक्ख, ८. सुनख

‘ब’ गट : क. अस्वल, ख. आसन, ग. कुत्रा, घ. खाट, च. घोडा, छ. झाड, ज. दळलेलं धान्य, झ. दूध, ट. पोतं, ठ. बैल, ड. शेतकरी

शब्द आठ आणि अर्थ अकरा, हे मुद्दाम केलं आहे. दोन्हीकडे आठ-आठ ठेवले, तर सात जोड्या येणाऱ्याला आठवी फुकट मिळते, आणि सहा येणाऱ्याला उरलेल्या दोन्ही जोड्या निव्वळ अंदाजाने जमण्याची शक्यता निम्मी असते. तीन अर्थ जास्तीचे असले की शेवटची जोडीसुद्धा माहीत असावी लागते.

हे जास्तीचे तीन अर्थ कुठूनही उचललेले नाहीत. अस्स पाहून अस्वल आठवतं, गोण पाहून पोतं आणि पीठ पाहून दळण. मराठीच्या सवयीने होणारी चूक ज्यातून दिसेल तोच चकवा कामाचा. तिथे हत्ती किंवा विहीर लिहून कुणीच फसलं नसतं. मात्र चकवा शंभर टक्के चूक असावा लागतो. मञ्चसाठी ‘व्यासपीठ’ हा चकवा सुचतो खरा, पण संस्कृतात त्या शब्दाला उंच उभारलेल्या मंचाचा अर्थ आहे. संस्कृत शिकलेला एखादा जण तिथे वाद घालेल आणि त्याचं म्हणणं सहज उडवून लावता येणार नाही. असा चकवा सोडून द्यावा.

‘ब’ गट अकारविल्हे लावला आहे. हाताने ‘उलटसुलट’ करताना आपण नकळत एखादी ठेवण पाळतो, उदाहरणार्थ पहिल्या शब्दाचं उत्तर कधीच पहिलं ठेवत नाही. अकारविल्ह्यात तो प्रश्न येत नाही आणि सोडवणाऱ्यालाही अर्थ पटकन सापडतो. दोन्ही गट कागदाच्या एकाच बाजूला बसले पाहिजेत, हेही पाहावं.

रिकामी जागा किती रिकामी?

‘दारको ____ पस्सति’, म्हणजे ‘मुलगा ____ पाहतो’, असं वाक्य दिलं तर झाड, बैल, खाट, काहीही चालेल. क्रियापद बदलून पिवति केलं तरी दूध आणि पाणी दोन्ही बसतात. त्यामुळे वाक्याशेजारी पूर्ण मराठी अर्थ द्यावा. मग कोणता शब्द हवा ते ठरतं आणि चाचणी होते ती तो शब्द आठवण्याची आणि त्याला योग्य विभक्ती लावण्याची.

१. दारको ____ पिवति। (मुलगा दूध पितो.)
२. गहपति ____ निसीदति। (घरधनी आसनावर बसतो.)
३. कस्सको ____ खेत्तं कसति। (शेतकरी बैलांनी शेत नांगरतो.)
४. फलं ____ पतति। (फळ झाडावरून पडतं.)
५. वाणिजो ____ गामं गच्छति। (व्यापारी घोड्याने गावाला जातो.)

पाचव्या वाक्यात सहज मराठीत आपण ‘घोड्यावरून जातो’ म्हणू. पण चौथ्या वाक्यातही ‘वरून’च आहे आणि तिथे पालीत पंचमी लागते, इथे मात्र तृतीया हवी. ‘घोड्यावरून’ लिहिलं, तर व्याकरण नीट शिकलेलाच माणूस पंचमी लावून चुकेल. म्हणून मराठी थोडी अवघडली तरी ‘घोड्याने’ लिहिणं रास्त. तिसऱ्या वाक्यात ‘बैलाने’ की ‘बैलांनी’ हेही असंच काळजीपूर्वक लिहायचं, कारण त्यावर वचन ठरतं.

गट अगदी नवखा असेल तर कंसात मूळ शब्द द्यावा : (खीर), (पीठ), (गोण). मग फक्त प्रत्यय लावायचा राहतो. शब्द आणि प्रत्यय दोन्ही विचारायचे असतील, तर प्रत्येकी अर्धा गुण ठेवावा. नाहीतर पीठ आठवलं पण सप्तमी चुकली असा माणूस आणि काहीच न लिहिलेला माणूस दोघांनाही शून्य मिळतं, आणि कुणाला काय पुन्हा शिकवायचं ते समजत नाही.

उत्तरसूची

जोड्यांची उत्तरं एका ओळीत मावतात : १-च, २-ड, ३-झ, ४-ठ, ५-ख, ६-घ, ७-छ, ८-ग. पण नुसती ही अक्षरं पाहून चुकलेल्याला काही उमजत नाही. पाचव्यापुढे एवढं लिहावं : ‘पीठ म्हणजे आसन, दळलेल्या धान्याला पालीत पिट्ठ’. पहिल्यापुढे : ‘अस्स म्हणजे घोडा; अस्वल म्हणजे अच्छ’. चकव्यात फसलेला माणूस मग एकाऐवजी दोन शब्द शिकून उठतो.

रिकाम्या जागांची सूची मात्र एका उत्तरावर भागत नाही, कारण पालीत एकाच विभक्तीची दोन-तीन रूपं चालतात.

१. खीरं
२. पीठे, पीठम्हि, पीठस्मिं हीसुद्धा बरोबर
३. गोणेहि, गोणेभि हेही बरोबर
४. रुक्खा, रुक्खम्हा, रुक्खस्मा, तिन्ही बरोबर
५. अस्सेन

सूचीत फक्त ‘रुक्खम्हा’ लिहिलं असेल आणि कुणी दुसऱ्या पुस्तकातून शिकून ‘रुक्खस्मा’ लिहिलं, तर तपासणारा त्यावर फुली मारेल आणि बरोबर येत असलेली गोष्ट चुकीची ठरेल. म्हणून प्रत्येक रूप व्याकरणाच्या तक्त्याशी ताडून सूचीत घालायचं. लेखनाबद्दलही एक ओळ हवी. मञ्च आणि मंच ही एकाच शब्दाची दोन लेखनं आहेत, दोन्ही चालतील. ‘खीर’ आणि ‘खीरं’ यांत मात्र अनुस्वार हाच प्रत्यय आहे, तो सुटला तर अर्धा गुण जाईल.

सूची पुरी झाली की ती बाजूला ठेवून गटातल्या एका चांगल्या येणाऱ्याला प्रश्नपत्रिका सोडवायला द्यावी. त्याचं उत्तर सूचीपेक्षा वेगळं निघालं, तर आधी प्रश्न तपासायचा, माणूस नंतर. रविवारी सगळ्यांचे कागद आल्यावरही हाच नियम. दहांपैकी सातजणांनी एकच ‘चुकीचं’ उत्तर लिहिलं असेल तर तीन शक्यता असतात : सूचीत चूक आहे, मराठी अर्थाने दिशाभूल केली आहे, किंवा तो धडा गटाला समजलेलाच नाही. गोणला बहुतेकांनी पोतं जोडलं असेल तर कारण तिसरं. वाक्यात अस्सेनऐवजी बहुतेकांनी सप्तमीतलं अस्से लिहिलं असेल तर शंका दुसऱ्या कारणाची.

कागद तपासून झाल्यावर लगेच सूची वाचून दाखवावी आणि काही दिवसांनी त्याच शब्दांवर पुन्हा चाचणी घ्यावी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे देऊन एक प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने जास्त आठवलं ते न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना. दुसऱ्या खेपेला शब्दांच्या जागा बदलाव्यात. आधी जोड्यांत असलेले मञ्च आणि सुनख आता रिकाम्या जागेत घालावेत, खीर आणि पीठ जोड्यांत न्यावेत. ज्याला मञ्च ओळखता आला होता, त्याला ‘खाटेवर’ म्हणताना मञ्चे किंवा मञ्चम्हि लिहिता येतं का, हे तेव्हा दिसेल. उत्तरसूची मात्र नव्याने लिहावी लागेल, कारण वाक्यात आलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याची पर्यायी रूपंही येतात.