एक टक्का कशाचा?

एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक जोखीम घ्यायची नाही, हा नियम शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या बहुतेकांच्या कानावर पडलेला असतो. पण त्याचा अर्थ लावतानाच गडबड होते. पाच लाख भांडवल, म्हणजे पाच हजारांचेच शेअर घ्यायचे, असं अनेकांना वाटतं. पाच हजारांत मिळून मिळणार किती, असं म्हणून ते नियमच बाजूला टाकतात.

हा एक टक्का गुंतवायच्या रकमेचा नाही. सौदा चुकला तर खिशातून जाणाऱ्या रकमेचा तो आहे. समजा, एक शेअर ६४० रुपयांना मिळतो आहे. गेल्या काही आठवड्यांत तो ६१० च्या आसपास येऊन पुन्हा पुन्हा वर फिरलेला आहे. तेव्हा ६०८ ला भाव आला तर आपला अंदाज चुकला असं समजून बाहेर पडायचं, असं तुम्ही ठरवता. एका शेअरमागे तोटा ३२ रुपये. पाच लाखांचा एक टक्का पाच हजार, त्याला ३२ ने भागलं की १५६ शेअर. त्यांची किंमत ९९,८४० रुपये, म्हणजे भांडवलाचा जवळपास पाचवा हिस्सा. गुंतवणूक वीस टक्के आणि जोखीम एक टक्का, या दोन्ही गोष्टी एकाच सौद्यात नांदतात. विक्री-खरेदीवरचा कर आणि इतर शुल्क धरलं तर तोटा पाच हजारांच्या थोडा वर जातो, म्हणून काटेकोर माणूस १५६ ऐवजी १५० घेतो.

या हिशोबात क्रम महत्त्वाचा आहे. आधी चार्ट पाहून स्टॉपलॉस, मग नगसंख्या. प्रत्यक्षात बरेच जण उलटं करतात. पाचशे शेअर घ्यायचे हे आधी ठरतं आणि मग तोटा पाच हजारांत बसावा म्हणून स्टॉपलॉस दहा रुपयांवर ओढला जातो. त्या दहा रुपयांचा शेअरच्या चालीशी काही संबंध नसतो.

यातूनच सर्वांत महागडा गैरसमज जन्मतो: स्टॉपलॉस जितका जवळ, तितकी जोखीम कमी. वरच्याच उदाहरणात स्टॉपलॉस ६३६ वर लावला, तर अंतर चार रुपये आणि नग १२५०. किंमत आठ लाख, म्हणजे भांडवलाहूनही जास्त. त्यासाठी उसनं मार्जिन लागणार. कागदावर जोखीम तीच, पाच हजार. पण हा शेअर एरवीच दिवसाकाठी पंधरा-अठरा रुपये वरखाली होत असेल, तर चार रुपयांचा स्टॉपलॉस कुठल्याही कारणाशिवाय उडतो. तुमचा अंदाज बरोबर असला तरी उडतो.

याहून मोठा धोका रात्रीतला. स्टॉपलॉस ही एक ऑर्डर आहे, हमी नव्हे. संध्याकाळी वाईट बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी शेअर थेट ५९० ला उघडला, तर ६०८ किंवा ६३६ हे भाव येतच नाहीत. १५६ शेअरवाल्याचा तोटा ५० रुपयांच्या हिशोबाने ७,८०० होतो. ठरवल्यापेक्षा जास्त, तरी सोसवण्याजोगा. १२५० शेअरवाला त्याच सकाळी ६२,५०० रुपये गमावतो, म्हणजे भांडवलाचे साडेबारा टक्के. दोघांनीही एकच टक्का जोखीम घेतली आहे असं मानलं होतं. त्यातही ६०८ चा ट्रिगर देऊन विक्रीची मर्यादा ६०६ ठेवली असेल, तर ५९० ला उघडलेल्या बाजारात ती ऑर्डर जागी होते पण पुरी होत नाही. शेअर आणखी घसरत राहतो आणि ऑर्डर तशीच पडून असते.

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर निम्म्याहून जास्त कोसळून बंद झाला. असा दिवस १५६ शेअरच्या सौद्यावर आला असता, तर एक टक्क्याऐवजी भांडवलाचे दहा टक्क्यांहून अधिक गेले असते. म्हणून टक्क्याच्या नियमाला दुसरी मर्यादा जोडावीच लागते: हिशोबाने नग कितीही येवोत, एका शेअरमध्ये भांडवलाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त पैसा नाही. माझ्या मते पाचवा हिस्सा हीसुद्धा सैल मर्यादा आहे.

‘तोटा झाला की पुढच्या वेळी दुप्पट लावून भरून काढायचा’ हा विचार कागदावर मोहक दिसतो. एक टक्क्यापासून सुरुवात करून दर तोट्यानंतर दुप्पट केलं, तर सलग पाच तोट्यांत एक, दोन, चार, आठ, सोळा असे भांडवलाचे ३१ टक्के संपतात आणि सहाव्या सौद्याला आणखी ३२ टक्के पणाला लावावे लागतात. सलग पाच तोटे दुर्मीळ नाहीत. निम्मे सौदे जिंकून देणारी पद्धत असली, तरी शंभर सौद्यांत असा पट्टा एकदा तरी येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. टक्का उरलेल्या भांडवलावर मोजला तर याच्या उलट घडतं. दर तोट्यानंतर पुढची रक्कम आपोआप आक्रसते. सलग दहा वेळा एक टक्का गेला तरी नव्वद टक्क्यांहून थोडं अधिक भांडवल हातात राहतं. दहा टक्के लावणाऱ्याकडे तेवढ्याच तोट्यांनंतर ३५ टक्केही उरत नाहीत आणि मूळ रकमेवर परतायला त्याला उरलेल्या पैशाचे जवळपास तिप्पट करावे लागतात.

पाच सौदे, प्रत्येकी एक टक्का, म्हणून जोखीम पाच ठिकाणी वाटली गेली, असंही समजलं जातं. पण ते पाचही बँकांचे शेअर असतील, तर व्याजदराच्या एका बातमीने पाचही स्टॉपलॉस एकाच दुपारी लागू शकतात. तो पाच टक्क्यांचा एकच सौदा होता. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेनिस यांनी ‘टर्टल’ या नावाने जी मंडळी तयार केली, त्यांचे नियम इथे शिकण्यासारखे आहेत. भावाच्या सरासरी दैनंदिन हालचालीएवढा फटका बसला तर खात्याचा एक टक्का जावा, अशा मापाचं एक युनिट ते घेत. एका बाजारात जास्तीत जास्त चार युनिट, आणि एकमेकांशी घट्ट जोडलेल्या बाजारांत मिळून सहाच.

छोट्या भांडवलाच्या फ्युचर्सवाल्याला मात्र हा नियम वेगळंच उत्तर देतो. २०२५ मध्ये निफ्टीचा लॉट ७५ चा होता. पाच लाखांचा एक टक्का भागिले ७५ म्हणजे जेमतेम ६६ अंक. पंचवीस हजारांच्या निफ्टीत एवढी हालचाल नेहमीचीच. २५० अंकांचा स्टॉपलॉस ठेवायचा, तर एका लॉटमागे १८,७५० रुपये जोखीम, आणि ती एक टक्का ठरावी यासाठी भांडवल हवं पावणेएकोणीस लाख. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार मागच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. टक्क्याच्या नियमाने मुळात तोट्याची पद्धत नफ्याची होत नाही, त्यामुळे त्या सगळ्यांना तो वाचवू शकला असता असं मी म्हणणार नाही. पण पाच लाखवाल्याने भागाकार केला असता, तर उत्तर पाऊण लॉट नव्हे, जेमतेम पाव लॉट आलं असतं. पाव लॉट मिळत नाही. म्हणजे त्या सौद्यासाठी नगसंख्या शून्य.