आधी झाडी, मग झाड

मराठीत आधी ‘झाड’ येते. त्याला प्रत्यय लागला की ‘झाडे’ होतात आणि ‘झाडी’ही होते. अरबीत हा क्रम उलटा आहे. ‘शजर’ म्हणजे झाडे, किंवा झाड ही जातच. त्यातले एकच झाड सांगायचे तर शेवटी ‘आ’ लावून ‘शजरा’ म्हणायचे. शब्द एकासाठी वाढतो, अनेकांसाठी नाही.

अशा जोड्या अरबीत पुष्कळ आहेत आणि त्या बहुधा निसर्गातल्या वस्तूंच्या आहेत. ‘नम्ल’ म्हणजे मुंग्या, ‘नम्ला’ एक मुंगी. ‘समक’ म्हणजे मासे, ‘समका’ एक मासा.

खरी गंमत वाक्यात दिसते. समूहवाचक शब्द अर्थाने अनेकांचा असला तरी साधारणपणे पुल्लिंगी एकवचनी मानला जातो. एकवाचक शब्द मात्र स्त्रीलिंगी असतो. सफरचंदांना अरबीत ‘तुफ्फाह’ म्हणतात. ‘सफरचंदे चविष्ट आहेत’ हे ‘अत्-तुफ्फाह लजीज’ असे होते. हातातल्या एका फळाचे कौतुक करायचे तर ‘अत्-तुफ्फाहा लजीजा’. नामापाठोपाठ विशेषणाचेही लिंग बदलले.

आता हीच फळे बाजारात घेऊ. एक किलो हवी असतील तर ‘कीलो तुफ्फाह’ पुरते, कारण वजनाला सुटे फळ लागत नाही. पण नगावर घ्यायची झाली की समूहवाचक शब्द बाजूला ठेवावा लागतो. पाच फळांना ‘खम्स तुफ्फाहात’, म्हणजे ‘तुफ्फाहा’चे अनेकवचन. तीन ते दहापर्यंत हाच नियम. वीस फळे घेतली तर प्रमाण अरबीत ‘इश्रून तुफ्फाहा’ म्हणतात, कारण अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत मोजलेली वस्तू एकवचनात येते. नवशिका ‘खम्स तुफ्फाह’ म्हणतो. त्याचा अर्थ दुकानदाराला समजेल, पण कानाला ते खटकेल.

शिवाय ‘शजर’ला ‘अश्जार’ असे आणखी एक अनेकवचन आहे. वेगवेगळी झाडे किंवा झाडांचे निरनिराळे प्रकार डोळ्यांसमोर असले की ते वापरतात. माणसाव्यतिरिक्त इतरांच्या अनेकवचनाला प्रमाण अरबीत स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण चालते, म्हणून मोठ्या झाडांना ‘अश्जार कबीरा’ म्हणतात.

समूहवाचक शब्द पुल्लिंगी, हा नियमही पोलादी नाही. खजुराच्या झाडांसाठी ‘नख्ल’ हा शब्द आहे. कुराणाच्या ५४व्या सूरेत त्याला पुल्लिंगी विशेषण लागले आहे आणि ६९व्या सूरेत स्त्रीलिंगी. जुन्या व्याकरणकारांनी दोन्ही रूपे शुद्ध मानली. त्यामुळे एका उदाहरणावरून घाईने नियम बांधू नये.

अरबी शिकणाऱ्याने शब्दकोश उघडताना हे लक्षात ठेवावे. हान्स व्हेर यांच्या प्रसिद्ध कोशात अशा ठिकाणी समूहवाचक रूप आधी येते आणि एकवाचक रूप त्याला जोडून दिलेले असते. त्या दोन्ही रूपांची जोडी एकदमच पाठ करावी.