हिंदी शीर्षक गेलं कुठे?

पुरणपोळीच्या मराठी व्हिडिओला यूट्यूबवर हिंदी शीर्षक आणि सबटायटल्स जोडली, तरी ती प्रेक्षकाला दिसतीलच असं नाही. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या भाषांच्या यादीत हिंदीची ओळ पाहावी. शीर्षक आणि सबटायटल्स यांची नोंद तिथे वेगवेगळी असते. एक प्रसिद्ध आणि दुसरं मसुद्यातच, हा घोळ नेहमीचाच.

खरी परीक्षा प्रेक्षकाच्या बाजूने. खासगी विंडोत यूट्यूब उघडून भाषा हिंदी करावी. शीर्षक बदललं, तर ते पोहोचलं.

सबटायटल्स मात्र गिअरच्या खुणेतून तपासावीत. यादीत ‘हिंदी’ थेट दिसली पाहिजे. ती फक्त आपोआप भाषांतराच्या पर्यायात सापडली, तर ते यंत्राचं काम. आपली फाईल अजून मसुद्यातच पडून असण्याची शक्यता जास्त.