तुमचा व्हिडिओ अनोळखी माणसाला सापडतो कसा?

(विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेतील प्रारंभीचं भाषण)

इथे बसलेल्या बहुतेकांचा यूट्यूबवर एखादा तरी व्हिडिओ असेल. त्याला मिळालेले व्ह्यूज घरचे, वर्गातले आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून गोळा केलेले असतील. अनोळखी माणूस तिथवर फिरकत नाही, आणि त्याचं खापर आपण अल्गोरिदमवर फोडतो. त्याआधी मला एवढंच विचारायचं आहे: व्हिडिओ कशाचा आहे हे तुम्ही यूट्यूबला सांगितलंत का? आणि सांगितलंत, ते खरं होतं का?

हे सांगण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शीर्षक, थंबनेल, खालचं वर्णन, टॅग, भाषेची नोंद. या सगळ्याला मिळून मेटाडेटा म्हणतात. कॅमेरा, एडिटिंग वगैरे आज बाजूला ठेवू.

समजा, तुम्ही सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन लाकडी फळं बनवणाऱ्या कारागिरावर नऊ मिनिटांची फिल्म केलीत. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्याला आकार देणं, मग रंग. काम चांगलं झालं. अपलोड करताना मात्र शीर्षक दिलंत ‘माझी पहिली डॉक्युमेंटरी, कॉलेज प्रोजेक्ट’. यात खोटं काही नाही, पण जगात कुणीही हे शब्द टाइप करून काही शोधत नाही. महिन्याभरात व्ह्यूज हलत नाहीत, तेव्हा एखादा मित्र सल्ला देतो आणि शीर्षक होतं ‘कोकणातलं हे रहस्य पाहून थक्क व्हाल!’

हा सल्ला काही काळ चालतोही, हे कबूल करायला हवं. पण पुढे काय होतं त्याचा हिशेब मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. ‘रहस्य’वालं शीर्षक हजार वेळा लोकांच्या स्क्रीनवर दिसलं आणि ९० जणांनी क्लिक केलं. त्यांना भूतबंगला किंवा गुप्त खजिना हवा होता, समोर आला रंधा. सरासरी ४० सेकंदांत ते निघून गेले. एकूण पाहणं झालं ६० मिनिटं. तीच फिल्म ‘सावंतवाडीची लाकडी फळं कशी बनतात’ या नावाने हजार वेळा दिसली. क्लिक आले फक्त ४०, पण ज्यांना खेळण्यांचं कुतूहल होतं तेच आले आणि सरासरी पाच मिनिटं थांबले. एकूण २०० मिनिटं.

यूट्यूबने २०१२ साली शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. कशाला किती वजन आहे हे कंपनी उघड करत नाही, आणि आता इतरही बऱ्याच खुणा तपासल्या जातात. पण प्रेक्षक थांबला की पळाला, ही खूण आजही मोजली जाते. खोट्या शीर्षकाचं खरं नुकसान इथे आहे. ते चुकीची माणसं गोळा करतं, ती माणसं पळतात, आणि हा व्हिडिओ लोकांना आवडत नाही असं यंत्रणेच्या लक्षात येतं. कारागिराने काहीच वाईट केलेलं नसतं.

टॅगांची कथा याहून जुनी आहे. वेबसाइटच्या पानात ‘कीवर्ड’ लिहायची एक छुपी जागा असे. लोकांनी तिथे वाटेल ते कोंबलं, इतकं की २००९ मध्ये गूगलने जाहीर केलं की वेब शोधाची क्रमवारी लावताना आपण ती जागा बघतच नाही. यूट्यूबही आज सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी थोडा आहे, आणि त्यांचा मुख्य उपयोग शब्द चुकीचा टाइप होतो तिथे आहे. म्हणून ‘सावंतवाडी’ रोमन लिपीत ज्या दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं त्या टॅगमध्ये घाला आणि थांबा. एखाद्या नटाचं नाव घालण्यात काही हशील नाही. तो नट व्हिडिओत नसेल तर ते दिशाभूल करणाऱ्या मेटाडेटाविरुद्धच्या नियमातही बसतं. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतात अशा व्हिडिओंवर कारवाई कडक करणार असल्याचं जाहीर केलं, ज्यांचं शीर्षक किंवा थंबनेल व्हिडिओत नसलेली गोष्ट कबूल करतं. रोख विशेषतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींवर होता.

मग आपल्या फिल्मसाठी लिहायचं काय? मी असं लिहीन:

```
सावंतवाडीची लाकडी फळं कशी बनतात? | Sawantwadi Wooden Toys

चितारआळीतल्या एका कारागिराबरोबर: पांगाऱ्याच्या
लाकडापासून रंगवलेल्या फळापर्यंत.
संभाषण मालवणीत, सबटायटल मराठीत.
चित्रीकरण: जानेवारी 2025

00:00 लाकडाची निवड
02:10 आकार देणं
05:40 रंगकाम
```

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं. म्हणून गावाचं आणि वस्तूचं नाव आधी. रोमन लिपीतले शब्द इंग्रजीच्या हौसेने घातलेले नाहीत. मराठी बोलणारी किती तरी माणसं फोनवर रोमन अक्षरांतच शोधतात. मालवणी संभाषणाचा उल्लेख काहींना परतवेल. परतू द्या, त्याच ओळीमुळे मुंबईतला एखादा मालवणी माणूस मुद्दाम थांबेल. शेवटच्या तीन ओळींनी व्हिडिओचे भाग पडतात. त्यासाठी पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा क्रमाने द्याव्या लागतात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. ज्याला फक्त रंगकाम पाहायचंय तो थेट तिथे जातो. वर्णनात कारागिराचं नाव घालायचं असेल तर आधी त्यांना विचारा. संगीत कुणाचं, कॅमेरा कुणी धरला, हेही लिहा. उद्या तुमच्या कॅमेरावालीला काम मिळालं, तर ते त्या ओळीमुळे मिळालेलं असू शकतं.

आपलं लिहिणं बरोबर होतं की नाही, हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. तिथे दोन गोष्टी बघा. पहिली, पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले. उतार कड्यासारखा असेल, तर एक तर शीर्षकाने भलतंच कबूल केलंय किंवा तुमची सुरुवात रेंगाळतेय. शीर्षकातली गोष्ट पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसते का, हे तपासलं की दोष कुठला ते कळतं. दुसरी, लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले. समजा, त्या यादीत ‘sawantwadi toys price’ सापडलं. तुमच्या फिल्ममध्ये किमतीचा उल्लेख नाही, म्हणजे ही माणसं रिकाम्या हाताने जाताहेत. मोह होईल शीर्षकात ‘किंमत’ घालण्याचा. तसं करू नका. कारागिराला विचारून वर्णनात खरी किंमत आणि ती कधीची हे लिहा, किंवा किमतींवर वेगळा छोटा व्हिडिओ करा.

क्लिकच्या टक्केवारीने मात्र घाबरू नका. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंची ही टक्केवारी २ ते १० यांच्या दरम्यान असते.

या सगळ्याने कंटाळवाणी फिल्म तरत नाही, आणि लाकडी खेळणी शोधणारे लोक मुळात थोडेच आहेत. त्यांची संख्या शीर्षकाने वाढत नाही. आता लॅपटॉप उघडा आणि आपला एक जुना व्हिडिओ निवडा. आज त्याचं फक्त शीर्षक बदला, तारीख वहीत टिपून ठेवा आणि थंबनेलला पुढचे पंधरा दिवस हात लावू नका. दोन्ही एकदम बदललंत, तर फरक कशाने पडला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.