सोनसाखळी : यंत्रनिर्मित व हस्तनिर्मित

सोन्याच्या तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून साखळी तयार करतात. ती सोनाराने हाताने घडविलेली असते किंवा साखळीयंत्रावर विणलेली असते. दोन्ही प्रकारांत सोन्याचा कस सारखा असू शकतो. परंतु सांध्यांची घडण, वजन, झिलई आणि दुरुस्तीची सुलभता यांत महत्त्वाचे फरक आढळतात. साखळी किती टिकेल हे बहुतांशी कडीच्या धातूची जाडी आणि तिचा सांधा या दोन गोष्टींवर ठरते.

हस्तनिर्मित साखळी : सोन्याची लगड ठोकून व लाटून तिची कांब करतात आणि ती जंतराच्या उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार काढतात. ओढताना तार कठीण व ठिसूळ होते, म्हणून ती मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. तयार तार सळईभोवती गुंडाळून वेटोळे कापले की सुट्या कड्या मिळतात. निम्म्या कड्या प्रथम मिटवून त्यांचे सांधे पक्के करतात व नंतर उरलेल्या कड्यांनी त्या एकमेकींस जोडतात. प्रत्येक सांध्यावर टाकणखार लावून डाखाचा बारीक कण ठेवतात आणि फुंकणीच्या ज्योतीने तो वितळवितात. डाख म्हणजे मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू होय. त्यानंतर साखळी चिंचेच्या पाण्यात अथवा सौम्य अम्लात उकळून स्वच्छ करतात आणि रिठ्याच्या पाण्याने धुतात.

यंत्रनिर्मित साखळी : यंत्र तार आत घेऊन ती वाकविते, कापते आणि आधीच्या कडीत अडकवून मिटविते. येथे प्रत्येक सांध्यावर वेगळा डाख ठेवणे शक्य नसते. म्हणून काही कारखान्यांत गाभ्यात डाख असलेली तार वापरतात. भट्टीत गाभ्यातील डाख कापलेल्या टोकांशी वितळून सांधा भरतो. दुसऱ्या पद्धतीत विणलेली साखळी डाखाच्या चूर्णात घोळवितात, पृष्ठावरील जादा चूर्ण शंखजिऱ्याच्या साहाय्याने काढून टाकतात आणि फटींत उरलेले चूर्ण भट्टीत वितळवितात. भट्टीत हायड्रोजनयुक्त वातावरण असल्यामुळे धातू काळवंडत नाही. काही यंत्रांत डाखाशिवाय, लेसर किरणाने कडीची टोकेच वितळवून एकजीव करतात.

सांधे व कस : डाखात सोने कमी असल्यास त्याचा परिणाम संपूर्ण दागिन्याच्या कसावर होतो. समजा, २० ग्रॅ. वजनाच्या साखळीत १९ ग्रॅ. सोने ९१.६ टक्के कसाचे (२२ कॅरट) असून १ ग्रॅ. डाख आहे व त्या डाखात ७५ टक्के सोने आहे. अशा साखळीत शुद्ध सोने १८.१५ ग्रॅ. भरते, म्हणजे सरासरी कस ९०.८ टक्क्यांवर येतो. साखळी मोडीत काढताना सोनार ‘डाखाची तूट’ धरतो, तिचे कारण हेच. ही तूट टाळण्यासाठी भारतात सोन्यात कॅडमियम मिसळून केलेला डाख प्रचारात आला होता. त्याचा कस २२ कॅरट सोन्याइतका ठेवता येत असे. परंतु कॅडमियम ७६७° से. तापमानास उकळते व त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. भारतीय मानकानुसार त्याच्या वापरास मनाई असून त्याऐवजी जस्त, इंडियम इ. धातू असलेले डाख वापरतात. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाल्यामुळे कमी कसाच्या डाखाला फारसा वाव उरलेला नाही. मात्र हॉलमार्क कसाची हमी देतो, सांध्याच्या मजबुतीची नव्हे.

वजन : यंत्रामुळे साध्य झालेला सर्वांत मोठा बदल म्हणजे पोकळ कडी. लोखंड, तांबे किंवा ॲल्युमिनियम यांच्या तारेवर सोन्याची पातळ पट्टी गुंडाळून तिच्यापासून साखळी विणतात आणि शेवटी गाभा अम्लात किंवा (ॲल्युमिनियम असल्यास) दाहक सोड्यात विरघळवून टाकतात. १.२ मिमी. व्यासाच्या भरीव तारेची साखळी १६ ग्रॅ. भरत असेल, तर त्याच आकाराची, परंतु ०.१५ मिमी. जाडीच्या भिंतीची पोकळ साखळी केवळ ७ ग्रॅ. भरते. दिसण्यात दोहोंत फरक नसतो. तो झिजेनंतर कळतो. कड्या जेथे एकमेकींवर घासतात तेथे ०.१ मिमी. धातू झिजला, तर भरीव तार १.१ मिमी. उरते, पोकळ कडीत मात्र ०.०५ मिमी. जाडीचा पापुद्रा राहतो व तो लवकरच फाटतो.

पोकळपणा हा केवळ यंत्रकामाचा गुण नव्हे. कोल्हापुरी साजातील मणी व पाने पातळ पत्र्याची असून त्यांत लाख भरलेली असते. ती लाख पत्र्याला आतून आधार देते. म्हणून असे काम सहसा चेपत नाही. उलट यंत्रावर भरीव साखळ्याही तितक्याच सहजपणे होतात.

झिलई व ओळख : यंत्राच्या कड्या आकाराने तंतोतंत सारख्या असतात व हिऱ्याच्या हत्याराने कापलेले त्यांचे पैलू आरशासारखे चमकतात. हाताच्या कामात भिंगातून पाहिल्यास कड्यांच्या आकारात किंचित फरक, कानशीचे ओरखडे आणि सांध्यापाशी डाखाची फिकट रेघ दिसते. पोकळ साखळी आकाराच्या मानाने हलकी लागते, तळहातावर टाकल्यास तिचा आवाज उथळ येतो व गाभा काढण्यासाठी ठेवलेली बारीक फट किंवा छिद्रे कड्यांच्या आतील बाजूस आढळतात.

दुरुस्ती : भरीव हस्तनिर्मित साखळी तुटल्यास बिघडलेली कडी काढून तशीच नवी घडविता येते, सांधा उघडा व ज्योतीच्या आवाक्यात असल्यामुळे हे काम साधा सोनारही करू शकतो. दाट विणीच्या यंत्रनिर्मित साखळीत वितळलेला डाख शेजारच्या कड्यांत ओढला जातो आणि तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. हे टाळण्यासाठी शेजारच्या कड्यांना गेरूसारख्या मातीचा लेप देतात. तापविलेला भाग मऊ पडून पैलूंची चमकही मंदावते, म्हणून दुरुस्तीची जागा ओळखू येते.

पोकळ कडीची दुरुस्ती सर्वांत अवघड असते. पातळ भिंत ज्योतीखाली क्षणात वितळते. आत कोंडलेली हवा व ओल प्रसरण पावून कडी फुटू शकते. आणि आत राहिलेले अम्ल पुढे डाग पाडते. अशा कामास लेसरचा सांधा त्यातल्या त्यात योग्य ठरतो, कारण त्याची उष्णता एका बिंदूपुरती राहते. मात्र भिंतच सर्वत्र झिजलेली असल्यास एक सांधा जोडताच साखळी दुसरीकडे तुटते. अशी साखळी जोडत राहण्यापेक्षा मोडीत काढणे श्रेयस्कर असते. लाख भरलेला दागिना तापविण्यापूर्वी मात्र लाख काढावी लागते व जोडकाम झाल्यावर ती पुन्हा भरावी लागते. तसे न केल्यास लाख उकळून पत्रा फाटतो. रोज अंगावर राहणाऱ्या मंगळसूत्रासारख्या दागिन्यास म्हणूनच भरीव कड्यांची व सुटे सांधे असलेली साखळी अधिक उपयुक्त ठरते, मग ती हाताची असो वा यंत्राची.